गल्लीतल्या देवळाचा आराखडा चपलांपासून कसा सुरू करावा

देवळाचं बांधकाम काढलं की पहिली चर्चा गाभारा किती बाय किती आणि कळस किती उंच यावर होते. चप्पल स्टँडची आठवण मंडप उभा राहिल्यावर येते, आणि मग तो फाटकाशेजारी जिथे जागा उरली असेल तिथे ठोकतात. माझा सल्ला उलट आहे. माणूस चप्पल कुठे काढणार आणि परत कुठे घालणार, हे दोन बिंदू आधी ठरवा. रांग, बाहेर पडायची वाट आणि मोकळं पटांगण बहुतेक त्यांच्या मागोमाग ठरत जातं.

उदाहरण म्हणून आमच्या गल्लीतलं विठ्ठल मंदिर घेतो. जागा 60 फूट रुंद, 100 फूट लांब. देऊळ पूर्वाभिमुख, रस्ता पूर्वेलाच, म्हणजे आत-बाहेर करायला मुख्य बाजू ती एकच. रोज तीस-चाळीस माणसं, एकादशीला दोनशे-तीनशे, आणि आषाढीला संध्याकाळी सहा ते नऊ या तीन तासांतच दीड हजार.

पहिलं काम मोजणीचं. त्यासाठी एक जण, एक घड्याळ आणि वही पुरते. एखाद्या साध्या एकादशीला देवासमोर बाजूला बसा आणि ओळीने पन्नास माणसांना मिळून किती वेळ लागला ते लिहा. आमच्याकडे माणशी दहा सेकंद निघाले. म्हणजे तासाला 360 माणसं दर्शन घेऊन बाजूला होतात. आषाढीला तासाला 500 येतात, म्हणजे दर तासाला 140 माणसं रांगेत साठत जातात आणि नऊ वाजता 420 जण उभे असतात. माणशी दोन फूट धरले तरी ही रांग 840 फुटांची झाली. आमची जागा 100 फूट लांब! कितीही वळणावळणाचे कठडे लावले तरी ती आत मावणार नाही, ती रस्त्यावरच जाणार.

म्हणून कठड्यांची ऑर्डर देण्याआधी ते दहा सेकंद कुठे जातात ते बघा. आमच्याकडे प्रत्येक जण हार पुजाऱ्यांच्या हातात देई, ते तो देवाला घालत, मग नारळ फोडून अर्धी कवड परत देत. आम्ही हार-नारळ घेणारं टेबल रांगेच्या मध्यावर, देवापासून तीस फूट अलीकडे नेलं. नारळ तिथेच ठेवून घ्यायचा आणि फोडलेली कवड बाहेर पडताना द्यायची. माणशी वेळ सहा सेकंदांवर आला, म्हणजे तासाला 600. आता येणाऱ्यांपेक्षा जाणारे जास्त, त्यामुळे रांग वाढतच नाही. गाभाऱ्याला जुना, फूटभर उंच उंबरा असेल तर म्हाताऱ्या माणसांना तो ओलांडायलाच तीन-चार सेकंद लागतात. सणाच्या दिवशी उंबऱ्याबाहेरूनच मुखदर्शन ठेवावं. पंढरपुरातही पदस्पर्शाची आणि मुखदर्शनाची रांग वेगळी असते.

घंटा, कासव आणि दानपेटी यांचाही विचार इथेच करावा. या तिन्ही ठिकाणी माणूस हमखास थबकतो. कासवाला हात लावायला वाकलेल्या माणसामागे सगळी ओळ वाकते. कासव हलवता येत नाही, तेव्हा रांग त्याच्या एका बाजूने न्या. घंटा मात्र दाराच्या बरोबर मध्यावर टांगू नका, चार फूट बाजूला घ्या. ज्याला वाजवायची तो वाजवेल, मागचे चालत राहतील. दानपेटी आणि तीर्थप्रसाद बाहेर पडायच्या दारापासून निदान पंधरा फूट पुढे असावेत. दारातच प्रसाद वाटला तर मागच्यांना बाहेर पडता येत नाही, आणि आतली गर्दी आतच कोंडते.

आता दिशा. प्रदक्षिणा देवाला उजव्या हाताला ठेवून घालतात. म्हणजे देवाकडे तोंड करून उभं राहिलं की माणूस डावीकडून निघतो, मागून फिरतो आणि उजव्या अंगाला बाहेर येतो. त्यामुळे येणारी रांग डाव्या अंगाला आणि बाहेर जायची वाट उजव्या अंगाला ठेवली तर दोन प्रवाह कुठेच एकमेकांना छेदत नाहीत. आमच्या देवळात डावं अंग म्हणजे दक्षिण, उजवं म्हणजे उत्तर. पूर्वी रांग उत्तरेकडे होती, कारण तिकडे कडुनिंबाची सावली आहे. प्रदक्षिणा घालून आलेला प्रत्येक जण तीच रांग फोडून बाहेर जायचा आणि रोज कुणाची तरी बाचाबाची व्हायची. महादेवाच्या देवळात हा हिशेब बदलतो. तिथे सोमसूत्र ओलांडत नाहीत, माणूस पन्हळीपाशी थांबून आल्या वाटेने मागे फिरतो. एकाच वाटेवर जाणारे आणि येणारे दोन्ही असल्याने प्रदक्षिणामार्ग दुप्पट रुंद हवा. तेवढी जागा नसेल तर महाशिवरात्रीला तो बंद ठेवणंच बरं.

रांगेची गल्ली तीन फुटांपेक्षा रुंद करू नका. साडेतीन-चार फूट झाली की दोघं शेजारी उभे राहतात, मागचा पुढे घुसायला बघतो आणि ढकलाढकली सुरू होते. व्हीलचेअरला मात्र तीन फूट पुरत नाहीत, विशेषतः वळणावर, म्हणून तिच्यासाठी बाजूने वेगळी वाट आणि फुटाला बारा फूट या उताराचा रॅम्प ठेवा. दर तीस फुटांवर कठड्यात एक उघडणारा तुकडा हवा, नुसता अडकवलेला, कुलूप न लावलेला. चक्कर आलेल्या बाईला मागे शंभर माणसांतून बाहेर काढता येत नाही. तिला बाजूनेच काढावं लागतं.

आता चपला. रांग डावीकडे आणि बाहेर पडणं उजवीकडे म्हटल्यावर चप्पल स्टँड डाव्या कोपऱ्यात ठेवून चालत नाही. माणूस उजवीकडून बाहेर येईल आणि अनवाणी, गर्दीच्या उलट्या दिशेने, चपलांसाठी डावीकडे निघेल. स्टँड दोघांच्या मधे, फाटकाच्या आत, दोन्ही अंगांना खिडकी ठेवून बांधा. दक्षिणेच्या खिडकीत चपला द्यायच्या, उत्तरेच्या खिडकीतून घ्यायच्या. कप्पे आरपार असले की आतला माणूस जागच्या जागी वळतो.

किती कप्पे लागतील हे दिवसभरात आलेल्या माणसांवर ठरत नाही. एका वेळी आत किती जण आहेत, यावर ठरतं. तासाला 500 येतात आणि प्रत्येक जण रांग, दर्शन आणि थोडं बसणं धरून चाळीस मिनिटं आत असतो, म्हणजे सुमारे 330 जोड. त्यात कीर्तनाला बसलेले दोनशे. मी 530 कप्प्यांचं चित्र घेऊन बसलो होतो. आमच्याकडे वर्षानुवर्षं चपला सांभाळणाऱ्या मावशी म्हणाल्या, "अहो, जोड काय मोजताय? पिशव्या मोजा. घरटी एक पिशवी, एक बिल्ला." त्यांचं बरोबर होतं. तिघांमागे एक पिशवी धरली तर 180 कप्पे पुरतात. दहा फूट लांब, सहा खणांच्या, फूटभर रुंदीच्या कप्प्यांच्या तीन मांडण्यांत ते बसतात. खोली मात्र दीड फूट ठेवा, बूट आले की फूटभर पुरत नाही. बिल्ले पत्र्याचे आणि कप्प्यावरचा आकडा तळहाताएवढा हवा, कारण संध्याकाळी तिथे उजेड कमी असतो.

चप्पल काढली की पुढचा प्रश्न फरशीचा. आषाढीला पाऊस असतो आणि चकचकीत ग्रॅनाइट ओला झाला की घसरतो. रांगेच्या वाटेवर टाकी मारलेला दगड किंवा खरखरीत शहाबादी घाला आणि शंभर फुटांना एक फूट उतार द्या. नारळाचं पाणी वाटेवर किंवा पायरीवर सांडता कामा नये. फोडण्याच्या जागेला स्वतःची मोरी हवी. वाईजवळ मांढरदेवीला 25 जानेवारी 2005 रोजी चेंगराचेंगरीत जवळजवळ तीनशे माणसं गेली, तेव्हा अरुंद चढावरच्या, नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्यांवर पडलेल्यांना उठायला जागाच मिळाली नव्हती. रामनवमीला आणि हनुमान जयंतीला नेमकं उलट होतं. तिथे काळा दगड बारा वाजता पाय भाजतो, लोक उड्या मारत पळतात आणि रांग तुटते. त्या दिवसांपुरत्या काथ्याच्या चटया टाकून त्यांवर पाणी मारत राहावं.

पटांगणाबद्दल मोह आवरा. मोकळी जागा दिसली की कुणी तिथे बाक देतं, कुणी आजोबांच्या स्मरणार्थ कारंजं. एकदा जमिनीत रोवलेली वस्तू सणाच्या दिवशी उचलता येत नाही. आमच्याकडे देवळापुढे साधारण 40 बाय 45 फूट उरतात. कीर्तनाला बसणाऱ्या माणसाला सहा चौरस फूट लागतात, मधे चार फुटांची एक वाट सोडली की अडीचशे जण सुखाने बसतात. द्वादशीच्या पंगतीला पानामागे दोन फूट आणि दोन ओळींमधे वाढप्यांना चार फूट धरा. पालखी दांड्यांसकट मोजून घ्या आणि कोपऱ्यावर ती वळते का, हे प्रत्यक्ष फिरवून बघा. कागदावर ती नेहमीच वळते. पार आणि झाडं ठेवाच, फक्त पाराचा कट्टा बाहेर पडायच्या वाटेत येऊ देऊ नका.

सणाच्या दिवशी पटांगणात आणि मंडपात चुन्याने तीन फूट बाय तीन फुटांचे चौकोन काढून ठेवा. चौकोनात तीन माणसं असतील तर ठीक. सगळीकडे चार-चार दिसू लागली की फाटकावरच्या स्वयंसेवकाला खूण करा, आत सोडणं थांबवा. पाच झाली म्हणजे माणसं स्वतःच्या पायांनी चालत नसतात, गर्दी त्यांना नेत असते, आणि त्या वेळी पुढच्यांना आवाज दिला तरी मागच्यांचा रेटा थांबत नाही. थांबवायचं ते फाटकावरच. बाहेर पडायचं दार आत येण्याच्या दारापेक्षा रुंद हवं आणि ते बाहेरच्या बाजूला उघडायला हवं.

आराखडा जमला की नाही हे द्वादशीच्या पहाटे कळतं. झाडलोट होण्याआधी जाऊन जमिनीवर चपला कुठे पडल्यात ते बघा. पहिल्या वर्षी आमच्याकडे स्टँडमधे तीन बेवारस जोड होते आणि उत्तरेच्या कडुनिंबाखाली बावीस. शेजारच्या बोळातून येणारे लोक फाटकापर्यंत वळसा घालत नव्हते, भिंतीतल्या लहान दारातूनच शिरत होते. आम्ही ते दार बंद केलं नाही. आतल्या अंगाला साठ कप्प्यांची एक मांडणी ठेवली, तिथून दक्षिणेच्या रांगेकडे देवळाच्या मागच्या भिंतीलगत चार फुटांची वाट काढली आणि मावशींच्या सुनेला तिथे बसवलं.