आइस्क्रीमच्या डब्यावरचा ‘इमल्सिफायर ४७१’: वाचताना आणि वापरताना या चुका टाळा

आइस्क्रीमच्या डब्यावरची घटकांची यादी वाचत गेलात, तर शेवटी शेवटी अशी एक ओळ सापडते: इमल्सिफायर (४७१), स्टॅबिलायझर (४१२, ४०७, ४६६). आमच्या वहिनीने ही ओळ वाचून एकदा डबा दुकानातच ठेवला. “एवढी केमिकलं मुलांना कशाला?” म्हणाली. मग घरीच आइस्क्रीम करायचं ठरलं आणि केकच्या सामानाच्या दुकानातून ती जीएमएस पावडर घेऊन आली. जीएमएस म्हणजे ग्लिसरॉल मोनोस्टिअरेट, अर्थात त्या ४७१ मधलंच एक. यात तिचा काही दोष नाही. डब्यावर नंबर असतो आणि पुडीवर नाव, दोन्हींचा संबंध लावून कुणी देत नाही.

नंबर वाचायचा आणि शब्द सोडून द्यायचा

सगळ्यात जास्त होणारी चूक ही. नंबराच्या आधी जो शब्द छापलेला असतो, तो त्या घटकाचं काम सांगतो. इमल्सिफायर म्हणजे पायसीकारक, स्निग्धांश आणि पाणी एकमेकांत मिसळून ठेवणारा. पदार्थ टिकवायला काही घातलं असेल, तर तिथे ‘प्रिझर्वेटिव्ह’ असं वेगळं लिहिलेलं असतं. इमल्सिफायर बुरशी रोखत नाही.

स्टॅबिलायझरचं कामही निराळं. वरच्या ओळीतला ४१२ म्हणजे गवार गम, आपल्या गवारीच्या बियांपासून केलेला. तो पाणी धरून ठेवतो, म्हणून बर्फाचे खडे मोठे होत नाहीत. इमल्सिफायर बघतो ते स्निग्धांश आणि हवेकडे. खाताना बर्फाची कचकच लागली तर संशय स्टॅबिलायझरवर किंवा मध्येच वितळून पुन्हा गोठलेल्या डब्यावर घ्यावा, ४७१ वर नाही.

आता हा ४७१ नेमका काय आहे? तुपाचा किंवा तेलाचा रेणू म्हणजे ग्लिसरॉलचा छोटा कणा आणि त्याला लागलेल्या फॅटी ॲसिडच्या तीन शेपट्या. मोनोग्लिसराइडमध्ये यातली एकच शेपटी असते, डायग्लिसराइडमध्ये दोन. त्यामुळे रेणूचं एक टोक तुपात रमतं आणि मोकळं झालेलं टोक पाण्याकडे वळतं. जेवणातलं तूप-तेल पचतानाही आपल्या आतड्यात मोनोग्लिसराइड तयार होतातच.

याचा अर्थ इमल्सिफायर म्हटलं की सगळे सारखेच, असा मात्र नाही. उंदरांना सीएमसी, म्हणजे वरच्या ओळीत स्टॅबिलायझर म्हणून आलेला ४६६, आणि पॉलिसॉर्बेट ८० (४३३) हा इमल्सिफायर दिल्यावर त्यांच्या आतड्याच्या अस्तराला त्रास झाल्याचा प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि तेव्हापासून हा विषय गांभीर्याने घेतला जातो. पण तो निष्कर्ष उचलून सोयाबीनच्या लेसिथिनला (३२२) चिकटवणं बरोबर नाही. नंबर वेगळा, तर पदार्थही वेगळा.

लवकर वितळलं नाही म्हणून ‘नकली’ ठरवणं

बशीत ठेवलेला गोळा बराच वेळ आकार धरून राहिला की ‘यात प्लास्टिक आहे’ असे व्हिडिओ फिरायला लागतात. ही किमया बहुतेक वेळा इमल्सिफायरची असते, आणि ती समजायला आपल्यासारखे ताक घुसळणारे लोक शोधून सापडायचे नाहीत.

कारखान्यात दूध, साखर, स्निग्धांश गरम करून फार मोठ्या दाबाखाली बारीक छिद्रातून काढतात. तुपाचे अतिसूक्ष्म थेंब होतात आणि दुधातली प्रथिनं प्रत्येक थेंबावर अंगरखा चढवतात. हा अंगरखा इतका पक्का असतो की घुसळलं तरी थेंब एकमेकांना धरत नाहीत. मग ते मिश्रण साधारण ४ अंश सेल्सिअसला किमान चार तास, बऱ्याचदा रात्रभर मुरवतात. त्या वेळात ४७१ प्रथिनांना थोडं बाजूला सारून थेंबाच्या पृष्ठभागावर जागा घेतो आणि अंगरखा विरळ होतो. पुढे गोठवता गोठवता घुसळलं की थेंब एकमेकांना अर्धवट चिकटतात, त्यांची साखळी तयार होते आणि ती हवेच्या बुडबुड्यांना वेढून बसते.

म्हणजे हे लोणी निघण्याच्या अलीकडे थांबवलेलं घुसळणंच आहे. पायसीकारक असं नाव असलेला पदार्थ इथे उलट ते एकजीव मिश्रण थोडं मोडायला मदत करतो, आणि मला या सगळ्यात हीच गोष्ट सर्वांत सुंदर वाटते. बर्फ वितळला तरी ती साखळी उभी असते, म्हणून गोळा लगेच बसत नाही.

खऱ्या-खोट्याची शंकाच असेल, तर वजन आणि नाव बघा. आपल्याकडे नियमानुसार एक लिटर आइस्क्रीम किमान ५२५ ग्रॅम भरायला हवं. ‘फ्रोझन डेझर्ट’ असं छापलेलं असेल, तर त्यात दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल असू शकतं. ४७१ मात्र दोन्हींत सापडतो, त्यामुळे त्यावरून फरक कळत नाही.

नंबरावरून शाकाहारी-मांसाहारी ठरवणं

४७१ वनस्पती तेलापासूनही होतो आणि प्राण्यांच्या चरबीपासूनही. नंबर एकच. भारतात विकल्या जाणाऱ्या डब्यावरचं हिरवं टिंब बघितलं की काम झालं. युरोपात राहणाऱ्यांना तेवढी सोय नाही. तिथे तोच घटक ‘ई ४७१’ असा लिहिलेला असतो, म्हणून शाकाहारी असल्याची वेगळी खूण शोधावी लागते.

जीएमएस कच्चंच राहणं

आता वहिनीच्या आइस्क्रीमकडे. अर्धा लिटर म्हशीचं दूध, साखर, एक चमचा कॉर्नफ्लोअर, चिमूटभर सीएमसी आणि एक मोठा चमचा जीएमएस. तिने सगळं कोमट दुधात ढवळलं आणि गार करायला ठेवलं. तासाभराने वर पांढरे, मेणासारखे कण तरंगत होते. बोटावर घेऊन चोळले तर विरघळेनात.

जीएमएस साधारण ६० अंशांच्या आसपास वितळतं. त्याखाली ते फक्त पावडरच राहतं, रेणू थेंबापर्यंत पोचतच नाहीत. म्हणून आधी पाव कप गार दुधात पावडरी गुठळ्या न होता कालवायच्या, ते उकळत्या दुधात ओतायचं आणि मंद आचेवर तीन-चार मिनिटं ढवळत राहायचं. तसे कण दिसलेच तर दूध फेकू नका, पुन्हा उकळी आणून गरम असतानाच घुसळा.

प्रमाणाचंही सांगते. कारखान्यात लिटरमागे जेमतेम एक ते तीन ग्रॅम वापरतात. घरी दाब देणारं यंत्र नसतं, म्हणून जास्त लागतं, पण अर्ध्या लिटरला एक सपाट मोठा चमचा पुरे. शीग लावलीत तर टाळूला मेणचट थर बसतो.

गार झाल्यावर सहा-आठ तास फ्रीजरमध्ये ठेवून मग बीटर चालवायचा. ही पायरी गाळली तर सगळी मेहनत वाया, कारण हवा तेव्हाच शिरते. मिश्रण फुगून जवळजवळ दुप्पट झालं की साय घालायची आणि थोडंच फिरवायचं. भांड्याच्या कडेला पिवळसर दाणे दिसू लागले, तर लोणी सुटलं. तो घाणा तसाच गोठवू नका. मंद आचेवर लोणी वितळेपर्यंत गरम करा, मिक्सरमधून काढा आणि पुन्हा गार करायला ठेवा.