मागणी पत्रकातला तिसरा रकाना

बारावीच्या सराव परीक्षेत माझे दोन गुण गेले होते आणि का गेले ते सरांनी सांगितलं नाही. प्रश्न साधा होता. मागणी पत्रक दिलेलं, किंमत आणि मागणी असे दोन रकाने भरलेले, तिसरा रकाना म्हणजे एकूण प्राप्ती आपण काढायची. मग दोन ओळींमधली मागणीची लवचीकता, म्हणजे किंमत बदलली की मागणी किती बदलते, ती कोणत्या प्रकारची ते लिहायचं. मी शेकडेवारी पद्धतीने मागणीतल्या टक्के बदलाला किमतीतल्या टक्के बदलाने भागलं, उत्तर ०.७५ आलं, एकापेक्षा कमी म्हणून ‘कमी लवचीक मागणी’ लिहिलं. तपासलेल्या पेपरवर लाल शाईत ‘एकक लवचीक’ एवढंच. माझा भागाकार मी चारदा तपासला, तो बरोबरच होता.

आता कोथरूडला घरीच अकरावी-बारावीच्या मुलांना अर्थशास्त्र शिकवतो, आणि दरवर्षी एक तरी मूल हाच पेपर घेऊन माझ्यासमोर उभं राहतं. यंदा ज्यांनी विषय नव्याने घेतलाय त्यांच्यासाठी हे लिहितोय.

उदाहरण आमच्या सोसायटीतलं घेतो. गणपतीत आमच्याकडे आनंदमेळा असतो, मुलं खाण्यापिण्याचे स्टॉल लावतात. भाच्याला लिंबू सरबत विकायचं होतं. ग्लास कितीला ठेवू, म्हणून तो विचारायला आला, तर मी त्याला वही देऊन घरोघरी पाठवला. प्रश्न असा विचारायचा: “काकू, ग्लास पाच रुपयांना असेल तर तुमच्या घरात किती घ्याल? दहाला असेल तर? पंधराला?” एकेका घराचं उत्तर म्हणजे वैयक्तिक मागणी पत्रक, आणि प्रत्येक किमतीपुढची सगळ्या घरांची बेरीज म्हणजे बाजार मागणी पत्रक. पुस्तकात ही दोन पत्रकं शेजारी शेजारी छापलेली असतात आणि मुलं ती पाठ करतात. एकदा जिने चढून बेरीज केली की पाठ करावी लागत नाहीत.

मूळ बेरजा वेड्यावाकड्या होत्या. शिकवायला सोयीचे म्हणून मी आकडे सरळ करून घेतले:

| किंमत (रु.) | मागणी (ग्लास) | एकूण प्राप्ती (रु.) |
|---|---|---|
| ५ | १२० | ६०० |
| १० | १०० | १००० |
| १५ | ८० | १२०० |
| २० | ६० | १२०० |
| २५ | ४० | १००० |
| ३० | २० | ६०० |

तिसरा रकाना म्हणजे पहिल्या दोघांचा गुणाकार, त्यात कसब काही नाही. वाचायचं मात्र वेगळ्या तऱ्हेने. पहिला रकाना वरून खाली वाढत जातो, दुसरा घटत जातो, तिसरा आधी चढतो, मग थबकतो, मग उतरतो. वरच्या भागात किंमत वाढवली तरी प्राप्ती वाढते, कारण गिऱ्हाईक कमी तुटतं: तिथे मागणी कमी लवचीक. खालच्या भागात किंमत वाढली की प्राप्ती घटते: तिथे जास्त लवचीक. जिथे प्राप्ती हलत नाही तिथे एकक लवचीक. हीच मार्शल यांच्या नावाने शिकवली जाणारी एकूण खर्च पद्धत. गिऱ्हाइकाचा खर्च तीच दुकानदाराची प्राप्ती, त्यामुळे प्रश्नपत्रिकेत यातला कुठलाही शब्द आला तरी गोंधळू नका.

इथेच एक सवय लावून घ्या. ‘सरबताची मागणी लवचीक आहे’ असं सरसकट लिहू नका. एकाच सरबताची, एकाच पत्रकात, वर कमी आणि खाली जास्त लवचीकता आहे. कोणत्या किमतीपासून कोणत्या किमतीपर्यंत, ते लिहिल्याशिवाय उत्तर पुरं होत नाही.

आता माझे दोन गुण. १५ वरून २० कडे जाताना मागणी ८० वरून ६० वर आली, म्हणजे २५ टक्के घट. किंमत १५ ची २० झाली, म्हणजे ३३.३३ टक्के वाढ. २५ भागिले ३३.३३ बरोबर ०.७५. हेच उलटं करा. २० वरून १५ वर या. मागणी ६० ची ८० झाली, ३३.३३ टक्के वाढ. किंमत २० ची १५ झाली, २५ टक्के घट. उत्तर १.३३! त्याच दोन ओळी, तेच ग्लास, आणि जाताना कमी लवचीक, येताना जास्त लवचीक.

दोष भागाकारात नाही, टक्के कशावर काढले त्यात आहे. पाच रुपये हे पंधराचे तेहतीस टक्के असतात आणि विसाचे पंचवीस. बदल लहान असेल, समजा १५ वरून सव्वापंधरा, तर दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखंच उत्तर येतं. शालेय पत्रकांत किमती पाच-पाच, दहा-दहा रुपयांनी उड्या मारतात, म्हणून फरक डोळ्यावर येतो. उपाय सोपा आहे: टक्के दोन्ही टोकांच्या सरासरीवर काढा. किमतींची सरासरी १७.५०, मागणीची ७०. ५ भागिले १७.५० आणि २० भागिले ७०, दोन्ही २८.५७ टक्के. उत्तर बरोबर १, तिसऱ्या रकान्याशी जुळणारं.

परीक्षेत काय करायचं? प्रश्नात पद्धतीचं नाव दिलेलं असेल तर तीच वापरा. एकूण खर्च पद्धत विचारली असेल तर भागाकाराच्या वाटेला जाऊच नका, प्राप्ती वाढली की घटली एवढंच बघा. मी तिथे नको तेवढी हुशारी केली होती.

वर्गात एखादा हटकून विचारतो, मग १५ आणि २० च्या मध्ये काय? आकडे याच चालीने जात असतील तर साडेसतराला ७० ग्लास खपतील आणि प्राप्ती १२२५ होईल. म्हणजे खरं शिखर पत्रकात नाहीच, ते दोन ओळींच्या फटीत आहे. पत्रकावरून ‘सर्वाधिक प्राप्ती १२०० रुपये’ असं लिहिताना ‘दिलेल्या किमतींपैकी’ हे शब्द जोडा.

भाच्याला या सगळ्याशी देणंघेणं नव्हतं. “मामा, पंधराला पण बाराशे, विसाला पण बाराशे, मग पंधरालाच देऊ ना, सगळ्यांना मिळेल.” लिंबं, साखर, बर्फ, कागदी ग्लास धरून एका ग्लासाला आठ रुपये पडत होते. ८० ग्लासांचा खर्च ६४०, उरले ५६०. ६० ग्लासांचा खर्च ४८०, उरले ७२०. पंचविसाला गेलं तर ४० ग्लासांचे ३२० जाऊन ६८०. एकूण प्राप्तीचा रकाना खर्चाबद्दल अवाक्षर काढत नाही. ते कळल्यावर पठ्ठ्याने लगेच वीसची पाटी रंगवली.

मेळ्याच्या संध्याकाळी सहा वाजता पाऊस आला. वीस रुपयांना साठ ग्लास खपायचे, खपले पस्तीस. शेजारच्या भज्यांच्या स्टॉलवर रांग होती. “तुझं पत्रक चुकलं,” तो म्हणाला. पत्रक चुकलं नव्हतं. ते ‘इतर परिस्थिती कायम’ धरून केलं होतं, आणि वही फिरवली त्या दिवशी घामाच्या धारा लागल्या होत्या. किंमत वाढून साठाचे पस्तीस झाले असते तर तो मागणीतील संकोच, आपण त्याच पत्रकात खालच्या ओळीवर सरकलो असतो. किंमत वीसच राहून पस्तीस झाले, हा मागणीतील ऱ्हास, त्याला ओळ नाही, अख्खं पत्रकच नवं लागतं. वहीच्या पुढच्या पानावर त्याने तीन रकाने आखले, वर ‘पाऊस असेल तर’ असं लिहिलं, आणि पहिल्या मजल्यापासून पुन्हा दारं वाजवायला गेला.