पडत्या पुस्तकाचे परीक्षण लिहिताना

आमच्या तालुक्याच्या वाचनालयासाठी मी जेव्हा अर्नेस्ट हेमिंग्वे यांच्या ‘अक्रॉस द रिव्हर अँड इन्टू द ट्रीज’ (1950) या कादंबरीचे परीक्षण लिहिले, तेव्हा शेवटचे वाक्य मला फार आवडले होते. ‘येथे एक मोठा लेखक संपला,’ असे ते वाक्य होते. वाचनालय सांभाळणाऱ्या काकांनी कागद शांतपणे वाचला, कपाटातून पु. ल. देशपांडे यांचे ‘एका कोळियाने’ काढून माझ्यासमोर ठेवले आणि विचारले, “बापू, हे आधीचं का नंतरचं?”

मला ठाऊक नव्हते. म्हातारा कोळी आणि त्याचा मासा ही हेमिंग्वे यांच्या भरातल्या काळातली गोष्ट असणार, असे मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात पु. लं.नी जिचा अनुवाद केला, ती ‘द ओल्ड मॅन अँड द सी’ ही मूळ कादंबरिका 1952 ची, म्हणजे मी ज्याला संपवले होते त्याच लेखकाने दोनच वर्षांनी प्रसिद्ध केलेली. तिला 1953 मध्ये पुलित्झर मिळाले आणि पुढच्याच वर्षी लेखकाला नोबेल. माझे वाक्य केवळ उद्धट नव्हते, ते चुकीचे होते.

हा सापळा मी पुन्हा सांगतो, कारण नवे लिहिणारे हमखास यात सापडतात. फसलेली कादंबरी आपल्याला त्या कादंबरीविषयीच सांगते. लेखकाच्या उरलेल्या ताकदीविषयी तिच्यातून काही कळत नाही. म्हणून लिहायला बसण्यापूर्वी लेखकाच्या पुस्तकांची साले एका कागदावर ओळीने मांडावीत. पाच मिनिटांचे काम आहे, आणि मी ते केले नव्हते. ‘थकला’, ‘संपला’, ‘आटला’ हे शब्द कच्च्या खर्ड्यात दिसले, की तेथे आपण पुस्तक सोडून माणसाची नाडी पाहू लागलो, असे समजावे.

दुसऱ्या खर्ड्यासाठी मी ती कादंबरी पुन्हा वाचली आणि वहीच्या पानावर मधोमध रेघ ओढली. पन्नाशीचा, हृदयविकाराने खचलेला कर्नल कँटवेल व्हेनिसला येतो, जेमतेम एकोणीस वर्षांच्या रेनाटावर प्रेम करतो, बदकांची शिकार करतो आणि परतताना मोटारीच्या मागच्या सीटवर मरतो. रेघेच्या डावीकडे मी त्याचे आणि रेनाटाचे संवाद उतरवले. ती युद्धाविषयी विचारते, तो सांगतो, ती आणखी विचारते. ती त्याला खऱ्या अर्थाने कोठेच अडवत नाही. ती नसते तेव्हा तो तिच्या चित्राशी बोलतो, आणि वाचताना फारसा फरक जाणवत नाही, हीच त्या पात्रावरची सर्वांत कठोर टीका आहे. तसे मी लिहिलेही.

उजवीकडे शिकारीच्या नावेतला नावाडी आला. तो आरंभापासून कर्नलशी तुसडेपणाने वागतो आणि त्याचे कारण आपल्याला कळत नाही. कादंबरी संपत आल्यावर कोणीतरी दोन-तीन वाक्यांत सांगते, की युद्धात सैनिकांनी त्याच्या बायकोवर आणि मुलीवर अत्याचार केले होते, म्हणून त्याला गणवेशाचाच राग आहे. हिमनगाचा आठवा भागच पाण्यावर असतो, तसे लेखकानेही बरेचसे न सांगता ठेवावे, असे 1932 मध्ये लिहिणारे हेमिंग्वे या नावाड्यात जसेच्या तसे आहेत. म्हणजे हात गेलेला नव्हता. नायक-नायिकेच्या प्रकरणांत तो वापरला गेला नव्हता. ‘कादंबरी कंटाळवाणी आहे’ या वाक्यापेक्षा हे निदान अधिक कडक आहे आणि अधिक न्याय्यही.

पूर्वीच्या पुस्तकांविषयी किती लिहावे, हा प्रश्न मला आजही छळतो. पहिल्या खर्ड्यात निम्मी जागा मी ‘अ फेअरवेल टू आर्म्स’ (1929) च्या आरतीत घालवली होती, कारण नंतर करायच्या टीकेची मला भीती वाटत होती. असे भित्रे कौतुक वाचकाला लगेच कळते. दुसऱ्या वेळी मी एकच प्रसंग घेतला. त्या कादंबरीत नायक चीज खात असताना तोफगोळ्याने जखमी होतो, आणि मित्र शौर्याची हकीकत विचारतो तेव्हा तो एवढेच सांगतो, की आम्ही चीज खात होतो. कँटवेलही तरुणपणी जेथे जखमी झाला त्या नदीकाठी परत जातो, तेथे शौचाला बसतो आणि मातीत दहा हजार लिऱ्यांची नोट पुरतो. हा प्रसंग जुन्या प्रसंगाच्या तोडीचा आहे, हे मान्य केल्यावरच रेनाटाविषयीची माझी तक्रार पटण्यासारखी झाली.

इतरांची परीक्षणे आधी वाचू नयेत, हे माझे हट्टी मत आहे. 1950 मध्ये अमेरिकन कादंबरीकार जॉन ओहारा यांनी हेमिंग्वे यांना थेट शेक्सपिअरनंतरच्या रांगेत बसवले, तर तिथलेच लेखक ई. बी. व्हाइट यांनी या शैलीचे झकास विडंबन केले. दोन्ही आधी वाचले असते, तर मी कोणाची तरी री ओढली असती. आणि जे गुरुजन ‘मोठ्यांविषयी वाईट लिहू नये’ असे सांगतात, त्यांना खर्डा दाखवूच नये. खर्डा दाखवावा तो साल विचारणाऱ्याला.

पहिले परीक्षण फसले म्हणून फार खचू नका; माझे त्या वाचनालयाबाहेर गेलेच नाही. दुसरे फलकावर लागले. काकांनी त्यातही पेन्सिलीने एक खूण केली होती: कर्नलचे वय मी साठ लिहिले होते.