नवजात बाळाच्या अंगावरील जन्मखुणा कशा तपासाव्यात आणि डॉक्टरांना कोणत्या दाखवाव्यात

सर्वप्रथम बाळाला दिवसाच्या उजेडात पाठीसह सगळीकडून नीट पाहावे. कमरेखाली किंवा कुल्ल्यांवर निळसर-करडे, सपाट डाग दिसले, तर ते बहुधा रंगद्रव्याच्या पेशी त्वचेच्या खोल थरात राहिल्यामुळे उमटलेले असतात. ते दुखत नाहीत आणि काही वर्षांत आपोआप फिके पडतात. मार लागल्याची खूण काही दिवसांत हिरवट-पिवळी होते, हे डाग मात्र तसेच राहतात. पुढे गैरसमज होऊ नये म्हणून पहिल्याच तपासणीत त्यांची जागा आणि आकार बाळाच्या कागदपत्रांत नोंदवून घ्यावा.

लाल खुणेकडे अधिक बारकाईने पाहावे लागते, कारण रक्तवाहिन्यांची उंचवट्यासारखी गाठ, म्हणजे हिमँजिओमा, जन्मतः बहुधा दिसतच नाही किंवा केवळ फिकट ठिपका असतो. ती पहिल्या काही आठवड्यांत उमटते, पाचव्या ते सातव्या आठवड्यात सर्वांत झपाट्याने वाढते आणि तिसऱ्या महिन्यापर्यंत आपल्या अंतिम आकाराच्या सुमारे ८० टक्के होते. त्यानंतर तिची वाढ मंदावते आणि पुढे काही वर्षांत ती हळूहळू ओसरते. म्हणून ‘आपोआप जाते, थांबा’ हा सल्ला पाठीवरच्या लहानशा गाठीपुरता ठीक आहे. नाजूक जागी मात्र थांबण्यातच उपचाराची उत्तम वेळ निघून जाते.

खूण दिसताच शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढावा, तारीख लिहावी आणि दर आठवड्याला त्याच उजेडात पुन्हा फोटो घ्यावा. समजा, दहाव्या दिवशी वरच्या पापणीवर टाचणीच्या टोकाएवढा ठिपका होता, तिसऱ्या आठवड्यात तो ४ मिलिमीटर झाला आणि पाचव्या आठवड्यात १२ मिलिमीटर होऊन पापणी खाली ओढू लागला. गाठ निरुपद्रवी जातीची असली, तरी झाकलेल्या डोळ्याची दृष्टी कायमची मंद राहू शकते. इथे तिसऱ्या आठवड्याचा फोटोही पाहण्याची गरज नव्हती. पापणीवरील पहिला ठिपका दिसताच बाळाला दाखवायला हवे होते. गरज भासल्यास डॉक्टर तपासणी करून प्रोप्रॅनोलॉल हे औषध पोटातून देतात. ते घरी स्वतःहून कधीही सुरू करू नये.

नाक, ओठ किंवा लंगोटाच्या जागेवरची, फुटून जखम झालेली, चेहऱ्याचा मोठा भाग व्यापणारी आणि कण्याच्या खालच्या टोकाशी मधोमध असलेली गाठही अशीच लवकर दाखवावी. हनुवटी व गळ्यावर गाठ असून श्वासाचा घरघर आवाज येत असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. अशा गाठी पाच किंवा अधिक असल्यास यकृताची सोनोग्राफी करावी लागते.

कपाळावर किंवा मानेवर मागे, मधोमध असलेला आणि रडताना गडद होणारा गुलाबी डाग सहसा निरुपद्रवी असतो. मात्र कपाळ आणि पापणीच्या एकाच बाजूला पसरलेला, सपाट, गडद लाल डाग ओसरत नाही. त्यासाठी डोळ्यातील दाब तपासून घ्यावा आणि झटके येतात का, यावर लक्ष ठेवावे.