दोन कर्मांचं इंग्रजी वाक्य पॅसिव्ह कसं करावं

‘द प्रिन्सिपल गेव्ह हर अ प्राइझ’ हे वाक्य पॅसिव्ह करा म्हटलं की दोन उत्तरं निघतात. ‘शी वॉज गिव्हन अ प्राइझ’ आणि ‘अ प्राइझ वॉज गिव्हन टु हर’. गाइडमध्ये त्याखाली एक ओळ असते, ‘दोन्ही उत्तरे ग्राह्य’. मार्क मिळवण्यापुरतं ते ठीक आहे. पण ज्याला अर्ज, बातमी, अहवाल लिहायचा आहे त्याला या ओळीचा काडीचा उपयोग नाही. ही दोन वाक्यं एकाच जागी बसत नाहीत, आणि कित्येक क्रियापदांना तर यातलं एकच चालतं.

क्रियापदाचं तिसरं रूप आणि काळाप्रमाणे ‘वॉज’, ‘वेअर’, ‘हॅज बीन’ लावणं तुम्हाला येतं असं धरून चालते.

१. दोन कर्मं वेगळी करा. ‘काय दिलं?’ याचं उत्तर वस्तू, ‘कोणाला दिलं?’ याचं उत्तर व्यक्ती. झालं.

२. कोणाला पुढे आणायचं ते ठरवा. आधीच्या वाक्यात ज्याच्याबद्दल बोलणं चाललंय ते पुढे येतं, नवी माहिती शेवटाकडे जाते. महर्षी कर्व्यांवर निबंध लिहिताय आणि १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ काढलं हे नुकतंच लिहिलंय, तर पुढचं वाक्य ‘ही वॉज अवॉर्डेड द भारतरत्न इन १९५८’ असंच हवं. तिथे ‘द भारतरत्न वॉज अवॉर्डेड टु हिम’ लिहिलंत तर व्याकरण चुकत नाही, पण वाचणाऱ्याचं लक्ष माणसावरून उगाच पुरस्काराकडे वळतं. उलट, निबंध भारतरत्नावर असेल आणि १९५४ पासून तो कोणाकोणाला मिळाला हे सांगत असाल, तर ‘इन १९५८ इट वॉज अवॉर्डेड टु महर्षी कर्वे’ हेच नीट बसतं. नाव नवं आहे, म्हणून ते शेवटी. मागचं वाक्य काहीच सुचवत नसेल तर व्यक्ती पुढे घ्या. बोलताना-लिहिताना इंग्रजी बहुधा तेच करतं.

३. पुढे आणलेल्याला खरोखरचा कर्ता करा. मराठी माणूस इथे हमखास घसरतो, आणि त्याचं कारण मराठीतच आहे. आपण ‘तिला पदक देण्यात आलं’, ‘तिला शिष्यवृत्ती देण्यात आली’ असं म्हणतो. ‘तिला’ वाक्यात पहिलं आलं तरी त्याचा ‘ला’ सुटत नाही, आणि क्रियापद चालतं ते पदकाप्रमाणे किंवा शिष्यवृत्तीप्रमाणे. म्हणजे मराठीत व्यक्ती पुढे सरकते, पण कर्ता होत नाही. इंग्रजीत ती पुरती कर्ता होते. ‘हर’चं ‘शी’ होतं, ‘देम’चं ‘दे’ होतं, आणि ‘टु’ जातो.

‘हर वॉज गिव्हन’ ही चूक डोळ्यांना लगेच दिसते. न दिसणारी चूक क्रियापदात असते. ‘विजेत्यांना बक्षीस देण्यात आलं’ हे डोक्यात असलं की हातून ‘द विनर्स वॉज गिव्हन अ प्राइझ’ उतरतं, कारण आपलं क्रियापद बक्षिसाला धरून बसलेलं असतं. तसंच ‘तिला तीन पुस्तकं देण्यात आली’ यावरून ‘शी वेअर गिव्हन थ्री बुक्स’. बरोबर वाक्यं ‘द विनर्स वेअर गिव्हन अ प्राइझ’ आणि ‘शी वॉज गिव्हन थ्री बुक्स’. लिहून झाल्यावर वस्तूवर बोट ठेवून ती झाका आणि उरलेलं वाचा. ‘द विनर्स वॉज’ लगेच खटकेल.

वस्तू पुढे घेतली असेल तर व्यक्तीमागे ‘टु’ लावा. ‘अ प्राइझ वॉज गिव्हन हर’ जुन्या पुस्तकांत भेटतं. आज तसं लिहू नका.

४. क्रियापद दोन कर्मं घेतं का, ते तपासा. मला सगळ्यात जास्त वेळ इथेच लागला, आणि गाइडं नेमकी इथेच गप्प असतात. ‘आय वॉज एक्स्प्लेन्ड द रूल’, ‘वी वेअर सजेस्टेड अ होटेल’ अशी वाक्यं ऑफिसच्या ईमेलमध्ये सर्रास दिसतात. ती चूक आहेत. मराठीत ‘मला नियम दिला’, ‘मला नियम समजावला’, ‘मला हॉटेल सुचवलं’ या सगळ्यांना एकच ‘ला’ पुरतो, म्हणून आपल्याला ती एकाच जातीची वाटतात. इंग्रजीत ‘गिव्ह’, ‘टेल’, ‘शो’, ‘टीच’, ‘सेंड’, ‘ऑफर’, ‘प्रॉमिस’, ‘अवॉर्ड’ ही क्रियापदं व्यक्तीला थेट आपल्याशेजारी घेतात. ‘एक्स्प्लेन’, ‘सजेस्ट’, ‘से’, ‘अनाउन्स’, ‘डिस्क्राइब’ घेत नाहीत. त्यांना मध्ये ‘टु’ लागतोच.

जी व्यक्ती ‘टु’च्या पलीकडे अडकलेली आहे तिला पॅसिव्हमध्ये पुढे आणता येत नाही. ‘ही एक्स्प्लेन्ड मी द रूल’ हे मुळातच चूक, म्हणून ‘आय वॉज एक्स्प्लेन्ड द रूल’ हेही चूक. उरतं फक्त ‘द रूल वॉज एक्स्प्लेन्ड टु मी’. म्हणजे इथे दोन पर्याय नाहीतच. व्यक्तीच पुढे हवी असेल तर क्रियापद बदला: ‘आय वॉज टोल्ड द रूल’.

‘लांबलचक क्रियापदं दोन कर्मं घेत नाहीत, छोटी घेतात’ असा एक तोडगा सांगतात. त्यावर विसंबू नका. ‘से’ एवढंसं असूनही घेत नाही, आणि ‘प्रॉमिस’, ‘अवॉर्ड’ घेतात. ‘कानाला काय बरं वाटतं ते बघा’ हा सल्ला तर त्याहून वाईट. आपला कान मराठीच्या ‘ला’वर तयार झालेला आहे. विद्यार्थ्यांसाठीचा चांगला इंग्रजी शब्दकोश उघडा आणि अर्थाशेजारची वाक्यरचना वाचा. तिथे ‘गिव्ह समबडी समथिंग’ अशी रचना दिलेली असेल तर दोन्ही पॅसिव्ह होतात. ‘एक्स्प्लेन समथिंग टु समबडी’ एवढंच असेल तर एकच.

५. दोन आडमुठी क्रियापदं. ‘बाय’ म्हणजे विकत घेणे. याला ‘टु’ नाही, ‘फॉर’ लागतो: ‘अ सायकल वॉज बॉट फॉर हर’. ‘शी वॉज बॉट अ सायकल’ असंही म्हणणारे आहेत, पण बऱ्याच जणांना ते अडखळल्यासारखं वाटतं. मी लिहीत नाही. ‘मेक’चंही तसंच, ‘अ केक वॉज मेड फॉर हर’ लिहा.

दुसरं ‘आस्क’. ‘अ क्वेश्चन वॉज आस्क्ड टु मी’ हे उत्तर छापील वह्यांतसुद्धा सापडतं, आणि ते चूक आहे. ‘आस्क’बरोबर प्रश्न विचारताना ‘टु’ येत नाही. इथे व्यक्तीच पुढे घ्यायची: ‘आय वॉज आस्क्ड अ क्वेश्चन’. प्रश्नच पुढे आणणं भाग असेल तर ‘अ क्वेश्चन वॉज आस्क्ड ऑफ मी’ असं लिहितात, पण ते फार औपचारिक आहे. मुलाखतीत काय घडलं हे कळवताना ‘आय वॉज आस्क्ड थ्री क्वेश्चन्स’ लिहा, आणि प्रश्न तीन असले तरी ‘वॉज’च ठेवा.