हवामान खटले आणि प्रादेशिक मानवी हक्क न्यायालयं : सिनॉप्सिसमधल्या या चुका टाळा

जळगाव, धुळे, नंदुरबारकडून एलएलएमच्या प्रबंधासाठी हवामान खटल्यांवरचे जे सिनॉप्सिस तयार होतात, त्यांतले बरेचसे एकाच साच्यातले असतात. शीर्षक असतं ‘हवामान न्यायात प्रादेशिक मानवी हक्क न्यायालयांची भूमिका : एक चिकित्सक अभ्यास’. गाईड म्हणतात, ‘विषय मोठा आहे, जरा कमी करा.’ मग विद्यार्थी ‘विशेष संदर्भ : युरोप’ एवढं जोडतो आणि विषय कमी झाला असं समजतो. पण दुखणं वेगळंच असतं. या शीर्षकात प्रश्नच नाही. तपासायची सोपी रीत अशी : तुमच्या वाक्याला कोणी ‘नाही, तसं नाही’ असं उत्तर देऊ शकतो का? ‘न्यायालयांची भूमिका महत्त्वाची आहे’ याला कोणीच नाही म्हणणार नाही. मग शंभर पानं लिहून सिद्ध काय करणार?

प्रश्न कसा घडवायचा हे एका तुकड्यावरून पाहू. तुकडा असा : हवामानाच्या खटल्यात न्यायालयाच्या दारात उभं कोण राहू शकतं? म्हणजेच लोकस स्टँडायचा प्रश्न.

निकाल बातमीवरून वाचणं

9 एप्रिल 2024 रोजी युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या ग्रँड चेंबरने तीन हवामान प्रकरणांवर एकाच दिवशी निर्णय दिले. त्यांतलं गाजलं ते स्वित्झर्लंडमधल्या ज्येष्ठ महिलांचं ‘क्लिमाझेनिओरिनेन’ प्रकरण. सिनॉप्सिसमध्ये हमखास सापडणारं वाक्य : ‘वृद्ध महिलांनी सरकारविरुद्ध खटला जिंकला.’ बातमीसाठी ते ठीक आहे, प्रबंधासाठी चुकीचं. अर्जदार दोन प्रकारचे होते. एक संघटना आणि चार स्वतंत्र महिला. त्या चौघींचे अर्ज न्यायालयाने दाखलच करून घेतले नाहीत, कारण युरोपीय करारनाम्याच्या कलम 34 खाली त्या ‘पीडित’ ठरल्या नाहीत. जिंकली ती संघटना. कलम 8चा भंग 16 विरुद्ध 1 मतांनी आणि कलम 6चा भंग एकमताने ठरला.

भुसावळच्या मे महिन्यात घराबाहेर न पडू शकणारी पंचाहत्तरीची आजी डोळ्यांसमोर आणा, म्हणजे या भेदाचं वजन कळेल. निकालाच्या परिच्छेद 487 नुसार व्यक्तीला दोन गोष्टी दाखवाव्या लागतात : हवामान बदलाच्या परिणामांशी तिचा संपर्क तीव्र आहे, आणि तिला वैयक्तिक संरक्षणाची निकडीची गरज आहे. उन्हाळ्यात त्रास होतो एवढं पुरत नाही. स्विस महिलांची प्रकृती उपाययोजनांनी सावरता येणार नाही इतकी गंभीर असल्याचं न्यायालयाला दिसलं नाही. संघटनेसाठी परिच्छेद 502 मध्ये वेगळ्या कसोट्या आहेत. ती त्या देशात कायदेशीर स्थापन झालेली असावी. हवामानाच्या धोक्यापासून सदस्यांच्या किंवा इतर बाधितांच्या हक्कांचं रक्षण हे तिच्या घटनेतलं उद्दिष्ट असावं. आणि त्यांच्या वतीने बोलण्याची तिची खरी पात्रता असावी. पुढची गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते : संघटनेच्या सदस्यांपैकी कोणी स्वतः ‘पीडित’ या कसोटीवर उतरतं का, हे दाखवण्याची गरज न्यायालयाने ठेवली नाही.

म्हणजे एकटीला ज्या दारातून आत येता येत नाही, त्याच दारातून तिची संघटना आत येते. आणि जनहितार्थ दावा आपल्याकडे चालत नाही, असं हेच न्यायालय वर्षानुवर्षं सांगत आलं आहे. वाद घालण्याजोगी जागा ही आहे. त्या एका विरोधी मताचे न्यायाधीश टिम आयके यांचा मुख्य आक्षेपही या जागेवरच होता. शोधप्रश्न इथून निघतो.

एकाच प्रश्नात तीन न्यायालयं बसवणं

दुसरी चूक पहिलीपेक्षा महाग पडते, कारण ती लक्षात येते तिसऱ्या प्रकरणाच्या मध्यावर. विद्यार्थी युरोप, अमेरिका खंड आणि आफ्रिका अशी तीन प्रकरणं आखतो, प्रत्येकी पंचवीस पानं. पण तिन्हीकडे जे साहित्य आहे ते एका जातीचं नाही. युरोपकडे बंधनकारक निकाल आहेत. आंतर-अमेरिकी न्यायालयाकडे हवामानावरचं सल्लागार मत आहे, ओसी-32/25. चिली आणि कोलंबियाने ते जानेवारी 2023 मध्ये मागितलं आणि जुलै 2025 मध्ये ते जाहीर झालं. आफ्रिकी न्यायालयाकडे पॅन आफ्रिकन लॉयर्स युनियनने मे 2025 मध्ये सल्लागार मत मागितलं आहे. मागणीच्या अर्जाला निकालाएवढी पानं दिली तर ती माहितीने भरत नाहीत, आशेने भरतात.

त्यात लोकस स्टँडायचा शब्द तिन्हीकडे एकाच अर्थाने वापरता येत नाही. युरोपात अर्ज करणारा स्वतः पीडित असावा लागतो. अमेरिकी करारनाम्याच्या कलम 44 प्रमाणे कोणतीही व्यक्ती, गट किंवा मान्यताप्राप्त स्वयंसेवी संस्था आयोगाकडे तक्रार नेऊ शकते. तक्रारदार आणि पीडित वेगवेगळे असले तरी चालतं. मात्र कलम 61 मुळे न्यायालयापर्यंत प्रकरण फक्त आयोग किंवा सदस्य राष्ट्र नेऊ शकतं. शिवाय 2016 च्या ओसी-22/16 या मतानुसार कंपनी किंवा संस्था यांसारखी कायदेशीर व्यक्ती स्वतः पीडित ठरत नाही; आदिवासी समुदाय आणि कामगार संघटना हे अपवाद. आता ‘संघटनेला कुठे जास्त वाव आहे?’ या प्रश्नाचं सरळ उत्तर देऊन बघा. तक्रार नेण्यात अमेरिका खंड पुढे, पण पीडित म्हणून उभं राहण्यात मागे. या दोन गोष्टी वेगळ्या केल्या नाहीत तर तुलनेचं प्रकरण व्हायव्हात पहिल्या प्रश्नालाच कोसळतं.

ओसी-32/25 वाचताना आणखी एक सापळा आहे. त्यात सामूहिक आणि लोकहिताच्या दाव्यांसाठी दार मोकळं ठेवण्याबद्दल जे म्हटलं आहे, ते राष्ट्रांनी आपल्या देशांतर्गत न्यायव्यवस्थेत काय करावं याबद्दल आहे. त्या वाक्यांवरून ‘आंतर-अमेरिकी न्यायालयाने स्वतःच्या दाराची अट सैल केली’ असा निष्कर्ष काढू नका.

आफ्रिकेला एक उपविभाग पुरे. आफ्रिकी न्यायालयाच्या प्रोटोकॉलमधल्या कलम 34(6) चं घोषणापत्र राष्ट्राने दिलं असेल तरच व्यक्ती आणि निरीक्षक दर्जा असलेल्या संस्था तिथे थेट जाऊ शकतात, एवढं नीट सांगून थांबा.

खान्देशला ओढून-ताणून आणणं

रावेर-यावलची केळी, तापीचा काठ, 45 अंशांचा उन्हाळा. विद्यार्थ्याला आपली माती प्रबंधात हवी असते, आणि ती ओढ खरी आहे. पण ‘खान्देशातील शेतकऱ्यांना प्रादेशिक मानवी हक्क न्यायालयात दाद मागता येईल का?’ हा प्रश्न उभाच राहत नाही. आशियात असं न्यायालयच नाही, आणि भारत वरच्या तिन्ही व्यवस्थांच्या बाहेर आहे. दुसरा मोह म्हणजे ‘युरोपचा संघटनेचा नियम भारताने स्वीकारावा’ अशी शिफारस. आपल्याकडे जनहित याचिकेमुळे हे दार 1981 च्या एस. पी. गुप्ता निकालापासून यापेक्षा मोठं उघडं आहे. जे आपल्याकडे आहे तेच आयात करा, असं सांगणं परीक्षकाच्या लगेच लक्षात येतं.

भारताचा धागा हवाच असेल तर शेवटच्या प्रकरणात चार-पाच पानं ठेवा. 21 मार्च 2024 च्या एम. के. रणजितसिंह निकालात सर्वोच्च न्यायालयाने हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क कलम 14 आणि 21 मध्ये वाचला. तिथे विचारण्याजोगं एवढंच : दार मोठं असताना हक्काचा मजकूर किती स्पष्ट झाला? आजीचं किंवा केळीबागेचं उदाहरण कसोटी समजावण्यासाठी वापरा, प्रश्नाचा आधार म्हणून नको.

आराखडा उलटा बांधणं

बिघडलेला आराखडा पानांवरून ओळखता येतो. स्टॉकहोम 1972, रिओ 1992, क्योटो, पॅरिस 2015, मग हरितगृह वायूंचं विज्ञान, आणि न्यायालय अवतरतं साठाव्या पानावर. सगळी पार्श्वभूमी पहिल्या प्रकरणातल्या पाच-सहा पानांत बसते.

वरच्या तुकड्यावरून प्रश्न असा लिहिता येईल : ‘हवामान प्रकरणात व्यक्तीसाठी कडक आणि संघटनेसाठी सैल अशी जी कसोटी युरोपीय न्यायालयाने 2024 मध्ये आखली, ती कलम 34 खालच्या त्याच्या आधीच्या निकालांशी सुसंगत आहे का, नसल्यास तिचं समर्थन कशावर टिकतं?’ याला ‘आहे’ आणि ‘नाही’ दोन्ही उत्तरं देता येतात, आणि कोणता पुरावा कोणत्या बाजूला जाईल हे आधीच सांगता येतं.

एकूण साधारण 115 पानं धरली तर पहिलं प्रकरण 12 पानांचं : प्रश्न, पद्धत, मर्यादा. दुसरं 30 पानांचं, 2024 पूर्वीच्या कलम 34 वर. त्यात स्पेनचं गोराइझ लिझारागा (2004), मृत व्यक्तीच्या वतीने संस्थेला उभं राहू देणारं रोमानियाचं कँपेआनू (2014) आणि तारांतोच्या पोलाद कारखान्याचं कोर्देल्ला (2019) घ्या. तिसरं 35 पानांचं, 2024 च्या तीन निर्णयांवर. इथे हरलेली दोन प्रकरणं जिंकलेल्याइतकीच कामाची आहेत. फ्रान्सच्या प्रकरणातले अर्जदार कारेम हे ग्रांद-सिंथ शहर सोडून ब्रुसेल्सला राहायला गेल्याने पीडित ठरले नाहीत. पोर्तुगालच्या सहा तरुणांनी 33 राष्ट्रांविरुद्ध अर्ज केला होता. बाकी राष्ट्रांबाबत तो क्षेत्राधिकारावर अडला आणि पोर्तुगालबाबत देशातली न्यायालयं आधी न गाठल्यामुळे. याच प्रकरणाच्या शेवटी ऑक्टोबर 2025 चं ग्रीनपीस नॉर्डिक विरुद्ध नॉर्वे घ्या. तिथे पुन्हा व्यक्ती बाहेर आणि संघटना आत राहिली, पण कलम 8चा भंग मात्र आढळला नाही. दार उघडणं आणि खटला जिंकणं वेगळं, हे त्याने दाखवून दिलं. चौथं 25 पानांचं, अमेरिका खंडाचा आरसा म्हणून. पाचव्यात निष्कर्ष आणि भारताची ती चार पानं.

आराखड्यात नेदरलँड्सचं उर्जेंडा किंवा आंतरराष्ट्रीय न्यायालयाचं जुलै 2025 चं मत ‘प्रादेशिक न्यायालय’ या मथळ्याखाली दिसलं तर लगेच काढा. पहिलं राष्ट्रीय न्यायालय आहे, दुसरं जागतिक. हक्क समित्यांचे निर्णयही न्यायालयाचे निकाल नव्हेत.

साहित्यासाठी महागड्या डेटाबेसवर अडून राहू नका. hudoc.echr.coe.int वर नावाऐवजी अर्ज क्रमांकाने शोधा : 53600/20 (स्वित्झर्लंड), 7189/21 (फ्रान्स), 39371/20 (पोर्तुगाल). जर्मन-फ्रेंच नावांच्या स्पेलिंगचा घोळ टळतो. प्रेस नोट वेगळी आणि निकाल वेगळा, हे पाहून घ्या. संदर्भ पान क्रमांकाने न देता परिच्छेद क्रमांकाने द्या, कारण पानं छपाईप्रमाणे बदलतात. आंतर-अमेरिकी न्यायालयाची मतं corteidh.or.cr वर मिळतात. इंग्रजी अनुवादात शंका आली तर स्पॅनिश पाठ शेजारी उघडून ठेवा.

आणि पहिल्या प्रकरणात एक तारीख लिहा : ‘या दिवसापर्यंतचे निकाल विचारात घेतले आहेत.’ प्रबंध बांधणीला गेल्यावर आफ्रिकी न्यायालयाचं मत आलं, तर परीक्षकाच्या प्रश्नाचं उत्तर त्या ओळीत असेल.