कार्डाच्या विवरणपत्रातले अनोळखी नाव

गेल्या महिन्यात क्रेडिट कार्डाच्या विवरणपत्रात `S A ENTERP SANGLI IN` या नावासमोर १,४१६ रुपये दिसले आणि मी खरोखर धास्तावले, कारण अशा नावाचे दुकान मला सांगलीत आठवेना. त्या ओळीत दुकानाच्या पाटीवरचे नव्हे, तर स्वाइप मशीन घेताना बँकेत नोंदवलेले नाव छापले जाते, आणि त्याला मोजक्याच अक्षरांची जागा मिळत असल्याने `ENTERPRISES` असे मध्येच तुटते. शेवटचे `IN` म्हणजे भारत.

नावाने काही उलगडेना, म्हणून मी रकमेकडे वळले. १,४१६ ला १.१८ ने भागल्यावर नेमके १,२०० आले, म्हणजे १८ टक्के जीएसटी लागलेले काहीतरी असावे. त्यामुळे पेट्रोल आपोआप बाद झाले, कारण त्यावर जीएसटी नाहीच. त्या तारखेला विश्रामबागेत मिक्सरची मोटर दुरुस्त करून घेतल्याचे तेव्हा आठवले. पाकिटातली पावती फिकट झाली होती, तरी उजेडात धरल्यावर वरच्या ओळीत तेच तुटके नाव आणि खाली कार्डाचे शेवटचे चार आकडे वाचता आले. जुळले नसते, तर त्याच दिवशी कार्ड बंद करून मी बँकेकडे तक्रार नोंदवणार होते.